क हा ख पेक्षा सरस, ख हा ग पेक्षा, आणि ग पुन्हा क पेक्षा! फोटो लावायचे कसे?

खडूचा डाग

वर्गातल्या २८ मुलांनी एकच गणित वहीत सोडवून फोटो पाठवलेत. आधी मी दहापैकी गुण देत होते, पण रात्री दिलेले सात सकाळी सहाच वाटायचे. म्हणून यावेळी गुण बंद केले. दोन फोटो शेजारी ठेवायचे, यातला सरस कोणता एवढंच ठरवायचं आणि पुढे जायचं. बघायच्या गोष्टी तीन: पायऱ्यांचा क्रम तर्काला धरून आहे का, मांडणी नेटकी आहे का आणि शेवटचं उत्तर स्पष्ट आहे का.

तीन फोटोंवर गाडी अडली. गणित असं:

```
√(x + 7) = x − 5
```

क चा फोटो देखणा. समास आखलेला, एका ओळीत एकच पायरी, बरोबरची चिन्हं एकाखाली एक, एकही खाडाखोड नाही.

```
x + 7 = x² − 10x + 25
x² − 11x + 18 = 0
(x − 9)(x − 2) = 0
x = 9 किंवा x = 2
उत्तर: x = 9, 2     (चौकटीत)
```

ख म्हणजे रणांगण. अर्धं काम डावीकडे, मग बाण काढून उजवीकडच्या कोपऱ्यात अवयव पाडलेत, दोन ओळी खोडल्यात. पण x = 2 मूळ समीकरणात घालून पाहिलंय. डावीकडे √9 = 3, उजवीकडे 2 − 5 = −3, जुळत नाही, म्हणून सोडलं. उत्तर x = 9 आहे, पण ते खालच्या कडेला बारीक अक्षरात. शोधावं लागलं.

ग नेटका आहे, उत्तर x = 9 बरोबर, ठसठशीत चौकटीत. मात्र वरचं काम असं:

```
√(x+7) = x−5 = x+7 = x²−10x+25
= x²−11x+18 = 0 = (x−9)(x−2)
9 ✓   2 ✗
```

क आणि ख समोर आले तेव्हा मी क निवडला. ख आणि ग मध्ये ख. नंतर ग आणि क आले, तर ग! तिन्ही वेळा निवड मनापासून केली होती. आता तिघांत पहिला कोण?

निवांत

ताई, फोटो घेताना मोबाईल वहीच्या बरोबर वर, समांतर धरायला सांगा. दिवा मागून नको, हाताची सावली पडते. स्कॅन करायची अ‍ॅप वापरली तर कडा आपोआप सरळ होतात. माझे सगळे कागद मी असेच ठेवतो, तीन वर्षांत एकही फोटो तिरका आलेला नाही.

खडूचा डाग

निवांत, फोटो सरळच आहेत हो. माझी निवड तिरकी झालीय.

शून्यलब्धी

यात अवघड काय आहे? ज्याने शेवटी पडताळा घेतला नाही त्याचं उत्तर अपूर्ण. क बाद. ग ने पडताळा दाखवला नाही, नुसती खूण केली, तोही बाद. राहिला ख. वर्गमूळ असलेल्या समीकरणात शेवटी पडताळा नसेल तर तो फोटो मी तळाला टाकतो, मग अक्षर कितीही सुंदर असो.

घाईत

आणि मांडणी बघायचीच कशाला? गणित म्हणजे सुलेखन नाही. ख चं बरोबर आहे, विषय संपला.

उभी रेघ

विषय इतक्यात संपत नाही. मी बरीच वर्षं उत्तरपत्रिका तपासतोय, तपासणाऱ्यांची तपासणीही केलीय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचं हे चक्र का झालं ते आधी बघू. क विरुद्ध ख मध्ये डोळ्यांत भरणारा फरक कोणता? पानाचा. एक पान स्वच्छ, दुसरं रणांगण. तिथे तुम्ही मांडणीवर निवड केलीत. ख विरुद्ध ग मध्ये ग ची ती बरोबरच्या चिन्हांची आगगाडी खुपली, तिथे निवड तर्कावर झाली. ग विरुद्ध क मध्ये दोन्ही पानं नेटकी, त्यामुळे नजर सरळ चौकटीवर गेली. एकात ९, दुसऱ्यात ९ आणि २. तिथे उत्तरावर झाली. प्रत्येक निवडीला कारण आहे, पण तीन निवडींना तीन वेगळी कारणं. फूटपट्टी दर जोडीला बदलली की चक्र होणारच.

दोन-दोन वस्तू समोर ठेवून मोजमाप करण्याची रीत जुनी आहे. थर्स्टन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने तिचा नियम १९२७ मध्ये मांडला. ती चालते कधी? तपासणारा दर वेळी एकाच प्रश्नाचं उत्तर देत असेल तेव्हा. तुम्ही एका प्रश्नाच्या पोटात तीन घातलेत.

माझा उपाय कंटाळवाणा आहे. तीन वेगळ्या फेऱ्या करा. पहिल्या फेरीत फक्त क्रम, आणि तेव्हा शेवटचं उत्तर कागदाने झाकून ठेवायचं. उत्तर दिसलं की आधीच्या ओळी आपोआप शहाण्या किंवा वेड्या दिसायला लागतात, हा माझाही अनुभव आहे. दुसरी फेरी मांडणीची. तिसरीत वरचं सगळं झाकून फक्त शेवट बघायचा.

खडूचा डाग

पण सर, 'फक्त क्रम' बघायचा म्हणजे नेमकं काय करायचं? सुंदर पान समोर असलं की क्रमही चांगला वाटायला लागतो.

उभी रेघ

म्हणूनच वाचायचं नाही, बाण काढायचे. प्रत्येक ओळीला विचारा, तू कुठून आलीस? ज्या ओळीतून आली तिथून तिच्यापर्यंत पेन्सिलीने बाण. मग पानाकडे विसरून फक्त बाणांकडे बघा.

ख चे बाण काढले तर एक डावीकडून उजव्या कोपऱ्यात जाईल, एक परत येईल. दिसायला वेडेवाकडे, पण प्रत्येक ओळीला आई आहे. x = 2 सोडलं त्या ओळीलाही आहे, तिचा बाण थेट मूळ समीकरणातून येतो. क्रमात ख पहिला.

क चे बाण शेवटच्या ओळीपर्यंत सरळ खाली येतात आणि तिथे तुटतात. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की मूळ समीकरणाची उकल पुढे जातेच, पण सोबत एखादी उपरी उकलही आत शिरू शकते. त्यामुळे 'x = 9 किंवा x = 2' ही ओळ ठीक आहे. तिचा अर्थ एवढाच, की उत्तर असलंच तर या दोघांपैकी. 'उत्तर: 9, 2' ही ओळ मात्र तिच्यातून निघत नाही. पाच ओळींत एक तुटलेला बाण, तोही सगळ्यात स्वच्छ जागी.

ग चं काय करायचं यावर माझं स्वतःशीच भांडण आहे. जसं लिहिलंय तसं वाचलं तर x − 5 हे शेवटी 0 च्या बरोबर आहे असं त्यात म्हटलंय. म्हणजे x = 5. पोराला ते म्हणायचं नाही हे उघड आहे, त्याला 'मग' म्हणायचंय आणि 'मग' साठी त्याने = वापरलंय. हा क्रमाचा दोष की मांडणीचा? मी क्रमात धरतो, कारण बाण कुठून काढायचा तेच कळत नाही. माझे एक सहकारी मांडणीत धरायचे. आमचं कधी जमलं नाही.

शून्यलब्धी, तुमचं अर्धं बरोबर आहे. शेवटी पडताळा नसला तरी उत्तर पूर्ण असू शकतं. एखाद्याने सुरुवातीलाच लिहिलं, की डावी बाजू वर्गमूळ आहे, ती ऋण असू शकत नाही, म्हणून x − 5 ≥ 0, म्हणजे x ≥ 5. मग दोन्ही बाजू ऋण नसताना वर्ग केला तर मागेही जाता येतं, उपरं काही आत येत नाही. शेवटी x = 2 ही अट मोडतं, म्हणून गेलं. तिथे पडताळा ही हौस, गरज नाही. तुमच्या नियमाने वर्गातला सगळ्यात समजूतदार फोटो तळाला जाईल.

शून्यलब्धी

मान्य. पण तुमच्या अटीवाल्या मुलाने मध्ये आकडेमोड चुकवली तर ती पडताळ्यानेच कळेल ना? अटीने नाही कळणार.

उभी रेघ

ते खरं आहे. अट उपऱ्या उकलीला अडवते, आकडेमोडीच्या चुकीला नाही.

खडूचा डाग

याचंच उदाहरण आहे माझ्याकडे. एकीने (x − 5)² चे x² − 25 केलेत. हीच एक चूक. पुढे x² − x − 32 = 0, सूत्र वापरून x = (1 + √129)/2, ऋण उकल x ≥ 5 मध्ये बसत नाही म्हणून सोडली. सगळं व्यवस्थित आणि उत्तर चौकटीत. मी तिला तळाला टाकलं होतं. आता बाण काढले तर एकच तुटतो, दुसऱ्या ओळीतला. बाकी सगळे क पेक्षा नीट आहेत!

उभी रेघ

मग क्रमाच्या फेरीत ती क च्या वर जाऊ शकते, तिथेच ठेवा. उत्तर चुकलं त्याचा हिशोब दुसरीकडे होईल. आणि शून्यलब्धींचा मुद्दा इथे तिला उपयोगी पडला असता. ते उत्तर साधारण ६.१८ येतं. मूळ समीकरणात घातलं तर डावीकडे ३.६३ च्या आसपास आणि उजवीकडे १.१८. दोन मिनिटांत चूक पकडली गेली असती.

बाकावरचा

मी विद्यार्थी आहे, आणि मी ग सारखंच लिहितो 😐 सगळेच लिहितात. आपण जे करतोय ते पुढे चाललंय हे दाखवायला = असतं ना? वर्गात फळ्यावरही तसंच लिहितात कधीकधी.

उभी रेघ

पदावली सोपी करत नेताना तसं लिहिणं बरोबरच आहे. (x − 9)(x − 2) = x² − 11x + 18, इथे किंमत बदलत नाही, म्हणून साखळी चालते. समीकरण सोडवताना तू दर ओळीला नवं विधान करतोस. x − 5 ची आणि x + 7 ची किंमत एकच आहे असं तुला म्हणायचंय का? नाही ना? मग तिथे ओळ बदल आणि सुरुवातीला 'म्हणून' लिही किंवा ते तीन टिंबांचं चिन्ह काढ.

रानफूल

माझ्या मुलीला एकदा 'उत्तर लिहिले नाही' असा शेरा आला होता. वहीत उत्तर होतं! फोटोत शेवटची ओळ कापली गेली होती. तेव्हापासून मी पान खालून चार बोटं मोकळं सोडायला लावते. तपासणाऱ्यांनी एवढं तरी बघावं, की पान खाली संपलंय की फोटो संपलाय.

निवांत

मी तेच म्हणत होतो!

खडूचा डाग

रानफूल, तुमचं वाचून सगळे फोटो परत उघडले. दोघांची शेवटची ओळ खरंच कडेला कापलेली आहे. एकाने दोन पानांचे फोटो उलट क्रमाने पाठवलेत आणि मी त्याला 'क्रम विस्कळीत' म्हणून खाली ढकललं होतं. 🤦 तिघांकडून परत मागवते.

उभी रेघ

हे फार होतं. फोटोचा दोष मुलाच्या माथी मारायचा नसेल तर फेऱ्या सुरू करण्याआधी सगळे फोटो एकदा नुसते वाचता येतात का ते बघा. फिकट पेन्सिलीतलं वजाचं चिन्ह चकाकीत पुसलं जातं, तिथे 'x  5' अशी मोकळी जागा दिसते. स्कॅन अ‍ॅप पान पांढरं करताना फिकट रेघा खाते, निवांत. दोन अक्षरांत विचित्र अंतर दिसलं की मूळ फोटो मागवा.

घाईत

माझा प्रश्न तसाच राहिला. वाचता येतंय ना? मग नेटकेपणाची वेगळी फेरी कशाला? ज्या मुलाचं अक्षर मुळातच वाईट आहे त्याने काय करायचं?

खडूचा डाग

घाईत, काल मलाही असंच वाटत होतं. आज एक गंमत सापडली. एका मुलाचं उत्तर १६ आहे. मी 'काहीतरीच' म्हणून बाजूला ठेवलं होतं. बाण काढायला घेतले तर पहिल्याच ओळीपासून दुसरीकडे कसा गेला ते कळेना. मग फोटो मोठा करून पाहिला. त्याच्या करणी चिन्हाची आडवी रेघ x वरच थांबलीय, 7 पर्यंत पोचलेली नाही. दुसऱ्या ओळीत त्याने स्वतःचंच लिखाण तसं वाचलंय:

```
√x + 7 = x − 5
√x = x − 12
x = x² − 24x + 144
(x − 16)(x − 9) = 0
```

पुढे पडताळाही घेतलाय. x = 9 घातलं तर √9 = 3 आणि 9 − 12 = −3, म्हणून सोडलं. x = 16 जुळतं. म्हणजे मूळ गणिताचं बरोबर उत्तर त्याने हाताने उचलून बाहेर टाकलं, तेही अगदी योग्य कारण देऊन!

शून्यलब्धी

अरेच्चा. १६ + ७ = २३, त्याचं वर्गमूळ ११ नाही. पण ४ + ७ = ११ आणि १६ − ५ = ११. त्याच्या गणिताला त्याचं उत्तर चोख बसतं.

म्हणजे पडताळा घेऊनही चूक सापडली नाही. कारण पडताळा वहीतल्या दुसऱ्या ओळीत घेतला, दिलेल्या गणितात नाही. हे मी माझ्या नियमात धरलंच नव्हतं.

घाईत

अर्धा सेंटिमीटर रेघ. बरं, हा नेटकेपणा मी गणितात धरतो. पण आखलेला समास आणि सुंदर अक्षर नाही धरणार.

उभी रेघ

माझी ओळही साधारण तिथेच आहे. मांडणीच्या फेरीत मी विचारतो, की या पानावर कोणती गोष्ट दोन प्रकारे वाचता येते? करणीची रेघ कुठे संपते, अपूर्णांकाची रेघ कशाकशाच्या खाली आहे, घातांक वर आहे की शेजारी, कंस बंद झालाय का, खोडलेली ओळ खरंच खोडलीय की अधोरेखित केलीय. अक्षर वाईट असलेला मुलगा यात उत्तम ठरू शकतो. समास आणि शाईचा रंग यांना माझ्याकडे काहीच नाही. काही जण त्यालाही वजन देतात, आणि द्यायचं असेल तर मुलांना आधी सांगितलेलं असावं.

बाकावरचा

मग १६ वाल्याचा नंबर कितवा लागणार?

उभी रेघ

क्रमात वरचा. मांडणीत तळाचा, कारण एका रेघेने गणित बदललं. उत्तराच्या फेरीत मात्र खरी पंचाईत आहे. 'स्पष्ट' विचारलं तर त्याचं उत्तर स्पष्ट आहे. 'बरोबर' विचारलं तर नाही. ताईंनी सुरुवातीला शब्द 'स्पष्ट' वापरला होता.

शून्यलब्धी

उत्तर चूक आहे हे माहीत असताना त्याला स्पष्टतेत वर कसं ठेवणार? माझा हात तरी वळणार नाही.

रानफूल

मी तर ठेवीन. पालक म्हणून सांगते, 'क्रम उत्तम, रेघ लांब ओढ' एवढं कळलं तर पोरगं पुढच्या वेळी रेघ ओढेल. 'चूक' म्हटलं तर त्याला वाटेल वर्ग करणंच जमत नाही.

खडूचा डाग

आता व्यवहाराचा प्रश्न. २८ फोटोंच्या सगळ्या जोड्या करायच्या तर ३७८ होतात. गुणिले तीन फेऱ्या. मला घरही आहे.

उभी रेघ

सगळ्या नका करू. प्रत्येक फोटो दहाएक वेगवेगळ्या फोटोंसमोर आला की क्रम बऱ्यापैकी बसतो. म्हणजे एका फेरीला १४० जोड्या. उत्तराच्या फेरीत जोडीला पाच-सात सेकंद पुरतात. वेळ क्रमाला लागतो. त्यातही टोकाचे फोटो लवकर कळतात, मग उरलेला वेळ मधल्यांवर घालवा.

दोन गोष्टी मात्र करा. पहिली, बारा-पंधरा जोड्या दुसऱ्या दिवशी डावं-उजवं उलटवून परत बघा. निवड बदलली तर ती जोडी लिहून ठेवा. दुसरी, स्वतः लिहिलेले दोन फोटो गठ्ठ्यात मिसळा, एक तुमच्या मते पुरेसा चांगला आणि एक जेमतेम. जोड्यांमधून फक्त कोण कोणाच्या वर एवढंच कळतं. सगळ्यांनीच पडताळा सोडला असेल तरी त्यांच्यात कोणीतरी पहिला येतोच. तुमचे दोन फोटो कुठे बसले त्यावरून बाकीचे किती पाण्यात आहेत ते कळेल.

खडूचा डाग

तीन दिवसांनी लिहितेय. फक्त क्रमाची फेरी झाली. ख पहिल्या पाचांत, क मधोमध, ग त्याच्या जरा खाली. चक्र गेलं, निदान या तिघांचं तरी.

बारा जोड्या उलटवून पाहिल्या, त्यातल्या दोन बदलल्या. दोन्हीत एका बाजूला ग सारखी बरोबरच्या चिन्हांची साखळी होती आणि दुसऱ्या बाजूला क सारखा शेवटी तुटलेला बाण. यातला मोठा दोष कोणता, हे माझं मलाच ठरलेलं नाही असं दिसतंय.

माझा 'पुरेसा चांगला' फोटो चौथा आला. वरच्या तिघांपैकी दोघींनी x ≥ 5 पहिल्याच ओळीत लिहिलंय. मी स्वतः लिहिलं नव्हतं.

शून्यलब्धी

त्या दोघींनी शेवटी पडताळा घेतलाय का?

खडूचा डाग

एकीने घेतलाय. तीच पहिली आली.

शून्यलब्धी

मी काही बोललो नाही.

निवांत

बाकी फोटो छान आलेत ना?